साठ्यातील तूट आणि नोंदीतील दुरुस्ती : मंजुरीच्या मर्यादा कशासाठी?

गोदामातील माल आणि हिशेबातील माल यांचा आकडा वर्षभर तंतोतंत जुळेल, अशी अपेक्षा कोणताही अनुभवी लेखापाल बाळगत नाही. डबे फुटतात, पोती फाटतात, एका मालाऐवजी दुसराच माल गाडीत चढतो, आवक झालेल्या मालाची नोंद दुसऱ्या दिवशी होते. त्यामुळे मोजणीनंतर हिशेबातील आकडा प्रत्यक्ष साठ्याशी जुळवून घेणारी दुरुस्तीची नोंद प्रत्येक व्यवसायात आणि प्रत्येक सरकारी भांडारात करावीच लागते. परंतु ही नोंद इतर सर्व नोंदींहून वेगळी असते. विक्रीच्या नोंदीमागे ग्राहक असतो, खरेदीच्या नोंदीमागे पुरवठादार असतो. दोघेही आपापला हिशेब ठेवत असल्याने चूक झाल्यास बाहेरून कोणीतरी ती दाखवून देतो. साठ्याच्या दुरुस्तीमागे असा दुसरा पक्षच नसतो. नोंद करणाऱ्याने ‘अठरा डबे कमी’ असे लिहिले की ते डबे हिशेबातून नाहीसे होतात आणि त्याबद्दल विचारणारे बाहेरचे कोणी उरत नाही.

चोरी किंवा निष्काळजीपणा झाकण्यासाठी ही वाट सर्वांत सोपी ठरते ती याच कारणाने. बाहेरचा पक्ष नसल्याने त्याची जागा संस्थेला आतूनच भरावी लागते. कोणी किती रकमेपर्यंतची तूट मान्य करावी याच्या मर्यादा आणि त्या मान्यतेसोबत कोणते कागद असावेत याचे नियम, ही ती व्यवस्था होय. मात्र मर्यादा कागदावर असणे आणि ती योग्य आकड्याला लावली जाणे यांत मोठे अंतर आहे. बहुतेक ठिकाणी व्यवस्था फसते ती या अंतरातच.

दुरुस्ती वेगळी, निर्लेखन वेगळे

साठ्याचा आकडा बदलण्याची कारणे वरवर पाहता सारखी दिसली, तरी ती मुळात दोन प्रकारची असतात. पहिल्या प्रकारात माल कोठेही गेलेला नसतो. चूक केवळ नोंदीत असते. पेट्यांच्या जागी नगांची संख्या लिहिली गेली, आवक नोंदवायची राहिली, एका मालाचा सांकेतिक क्रमांक दुसऱ्या मालाला लागला, असे काही घडलेले असते. येथे मूळ चुकीची नोंद सापडू शकते आणि ती दुरुस्त केली की फरक आपोआप मिटतो. ही खरी दुरुस्ती.

दुसऱ्या प्रकारात माल प्रत्यक्षात गेलेला असतो. तो फुटला, सडला, मुदतबाह्य झाला, चोरीस गेला किंवा त्याचे काय झाले हे कोणालाच सांगता येत नाही. येथे जुनी नोंद चुकीची नसतेच; संस्थेचे नुकसान झालेले असते आणि ते सोसण्याचा निर्णय घेऊन रक्कम हिशेबातून काढून टाकावी लागते. यास निर्लेखन म्हणतात. दुरुस्ती हे कारकुनी काम आहे, तर निर्लेखन हा मालकाच्या मालमत्तेविषयीचा निर्णय आहे. म्हणूनच त्याचा अधिकार मालमत्तेच्या मालकाकडून, म्हणजे संचालक मंडळाकडून किंवा शासनाकडून, पायरीपायरीने खाली दिलेला असावा लागतो.

नुकसान लपवण्याचा बहुतेक खटाटोप निर्लेखनाला दुरुस्तीचा वेष चढवण्यासाठीच असतो. त्यामुळे दुरुस्तीची नोंद मान्य करण्याआधी एकच प्रश्न पुरेसा ठरतो : जी मूळ नोंद चुकली होती, ती कोणती? तिचा क्रमांक आणि दिनांक दाखवता येत नसेल, तर ती दुरुस्ती नव्हे. तिला तूट मानूनच पुढची कार्यवाही व्हावी.

एका गोदामाचा हिशेब

हा फरक व्यवहारात कसा दिसतो, ते एका काल्पनिक उदाहरणावरून स्पष्ट होईल. खाद्यतेलाच्या एका घाऊक वितरकाचे गोदाम आहे असे समजू. गोदाम व्यवस्थापकास 25,000 रुपयांपर्यंतचा फरक स्वतःच्या सहीने मान्य करता येतो. त्यापुढे 1 लाख रुपयांपर्यंत विभागीय व्यवस्थापकाची आणि त्याहून अधिक रकमेस वित्त प्रमुखाची मंजुरी लागते.

महिनाअखेरच्या मोजणीत तीन फरक आढळले. सूर्यफूल तेलाचे 18 डबे कमी भरले. प्रत्येकी 2,100 रुपये दराने ही तूट 37,800 रुपयांची झाली. सोयाबीन तेलाचे 15 डबे जास्त भरले. प्रत्येकी 2,000 रुपये दराने हा वाढावा 30,000 रुपयांचा झाला. पाकिटबंद तेलाच्या 9 पेट्या कमी भरल्या. प्रत्येकी 1,500 रुपये दराने ती तूट 13,500 रुपयांची झाली. दोन्ही तुटींची बेरीज करून त्यातून वाढावा वजा केला, तर निव्वळ फरक 21,300 रुपये येतो. तो व्यवस्थापकाच्या मर्यादेत बसतो. त्याची एक सही झाली की नोंद पूर्ण होते आणि प्रकरण तेथेच मिटते.

आता वजाबाकी न करता तिन्ही फरक एकत्र मांडले, तर एकूण रक्कम 81,300 रुपये होते. प्रकरण विभागीय व्यवस्थापकाकडे जाते आणि प्रत्येक फरकाचे कारण विचारले जाते. शोध घेतल्यावर पुढील गोष्टी उघड होतात असे मानू.

एका ग्राहकाच्या बिलावर सोयाबीन तेल लिहिले होते, पण गाडीत सूर्यफूल तेलाचे 10 डबे चढले. ग्राहकाने तसे लेखी कळवले. त्यामुळे सूर्यफुलाच्या 10 डब्यांची तूट आणि सोयाबीनच्या 10 डब्यांचा वाढावा या एकाच चुकीच्या दोन बाजू ठरल्या. ही खरी दुरुस्ती असून दरातील फरकापोटी 1,000 रुपयांचे येणे ग्राहकाकडून वसूल करायचे आहे. सोयाबीनचे उरलेले 5 डबे महिन्याच्या शेवटच्या सायंकाळी आले होते. ते मोजणीत धरले गेले, मात्र आवक नोंद दुसऱ्या दिवशी झाली. येथे साठ्यात कोणताही फेरफार करण्याची गरज नाही. आवक योग्य दिनांकास दाखवली की वाढावा नाहीसा होतो. पाकिटबंद तेलाच्या 4 पेट्या गळक्या निघाल्या आणि कोपऱ्यात वेगळ्या ठेवल्यामुळे मोजणीतून सुटल्या. त्या समोर दिसत आहेत. हे 6,000 रुपयांचे नुकसान आहे आणि त्याचा पुरावा उपलब्ध आहे.

यानंतर जे उरते तेच महत्त्वाचे. सूर्यफूल तेलाचे 8 डबे आणि पाकिटांच्या 5 पेट्या, म्हणजे 24,300 रुपयांचा माल, कोठे गेला हे कोणालाच सांगता येत नाही. गळक्या पेट्या धरल्यास प्रत्यक्ष नुकसान 30,300 रुपयांचे आहे. निव्वळ आकड्याने ते 21,300 रुपये दाखवले होते. मधल्या काळात नोंद न झालेल्या आवकेने आणि चुकीच्या गाडीभरणीने चोरीची शक्यता झाकून टाकली होती. त्यातही वाईट असे की, त्या 5 डब्यांचे पुरवठादाराचे बिल पुढील महिन्यात हिशेबात आले असते आणि तेवढी तूट नव्याने उभी राहिली असती. मग ती आणखी एका ‘दुरुस्ती’ने मिटवली गेली असती.

मर्यादा कोणत्या आकड्याला?

या उदाहरणातून निघणारा पहिला नियम असा, की मंजुरीची मर्यादा निव्वळ फरकाला नव्हे, तर एकूण फरकाला लावली पाहिजे. तूट आणि वाढावा यांची वजाबाकी हिशेबाच्या शेवटी होईल. मंजुरीच्या वेळी दोन्ही स्वतंत्र घटना आहेत. वाढावा दिसला की समाधान मानण्याची वृत्ती येथे घातक ठरते. वाढाव्याचा अर्थ अनेकदा असा असतो, की कोणत्या तरी ग्राहकाला कमी माल गेला आहे, आवक नोंदवायची राहिली आहे किंवा नंतर बाहेर काढण्यासाठी माल हिशेबाबाहेर साठवला जात आहे. म्हणून वाढाव्याची नोंदही तुटीइतक्याच मंजुरीने व्हावी.

दुसरा नियम एकत्रित रकमेचा आहे. वरील व्यवस्थापकाने एका महिन्यात 24,600, 23,900, 24,800 आणि 24,200 रुपयांच्या चार नोंदी केल्या, तर प्रत्येक नोंद त्याच्या अधिकारात बसते. परंतु एकूण रक्कम 97,500 रुपये होते. प्रत्येक कागद नियमाप्रमाणे आणि सर्व कागद मिळून नियमाबाहेर, अशी ही स्थिती आहे. त्यावर उपाय म्हणजे नोंदीच्या मर्यादेबरोबरच महिन्याची किंवा तिमाहीची एकत्रित मर्यादा ठरवणे. एकत्रित रक्कम ओलांडली की पुढची प्रत्येक नोंद, ती कितीही लहान असो, वरच्या पायरीवर जावी.

तिसरा नियम कारणाशी निगडित आहे. सर्व प्रकारच्या तुटींना एकच मर्यादा लावणे चुकीचे ठरते. समोर दिसणाऱ्या फुटक्या मालास 25,000 रुपयांची मर्यादा योग्य असेल. पण कारण न सापडलेल्या तुटीसाठी ती बरीच खाली, उदाहरणार्थ 5,000 रुपये, असावी. उदाहरणातील 24,300 रुपयांची तूट एकटी पाहिली, तर तीही व्यवस्थापकाच्या मर्यादेत बसली असती. वास्तविक ज्याच्या ताब्यात माल आहे त्यालाच त्या मालाची अज्ञात तूट मान्य करण्याचा अधिकार देणे म्हणजे संशयाच्या छायेत असलेल्यालाच पंच नेमणे होय. मालाचा ताबा, मोजणी, नोंद आणि मंजुरी ही चार कामे शक्यतो एका हाती नसावीत. लहान दुकानात चार माणसे नसतात. तेथे निदान मंजुरी तरी मालकाने स्वतःकडे ठेवावी.

मर्यादा अतिशय खाली आणल्याने सुरक्षितता वाढते, असा समजही बरोबर नाही. महिन्याला तीनशे किरकोळ नोंदी वित्त प्रमुखासमोर येऊ लागल्या, तर तो त्या वाचत नाही. केवळ सह्या करतो. मग महत्त्वाची तूट त्या गठ्ठ्यात बिनबोभाट निघून जाते. वरच्या अधिकाऱ्यापर्यंत थोडीच प्रकरणे जावीत, आणि जी जातील ती वाचली जावीत, अशा बेताने मर्यादा ठरवावी लागते.

सहीमागे कोणते कागद?

मंजुरीची सही कारणावर विसंबून असते आणि कारण कागदावर. ‘मोजणीतील फरक’ हे कारण नव्हे. ते केवळ वस्तुस्थितीचे वर्णन आहे. संगणक प्रणालीत ‘इतर’ नावाचे कारण उपलब्ध असेल, तर कालांतराने बहुतेक नोंदी त्याच नावाखाली जमा होतात. म्हणून कारणांची यादी छोटी, स्पष्ट आणि ‘इतर’विरहित असावी. त्यात ‘कारण सापडले नाही’ हा पर्याय मात्र आवर्जून असावा, म्हणजे खोटे कारण शोधण्याची गरज पडत नाही आणि अशा नोंदी वेगळ्या काढता येतात.

फरक आढळल्यास सर्वप्रथम मूळ मोजणीपत्रक लागते. मोजणाऱ्यास हिशेबातील आकडा आधी माहीत नसावा, हे त्यातील सर्वांत महत्त्वाचे पथ्य. आकडा समोर असला की मोजणी त्या आकड्याकडे झुकते. ठराविक रकमेपुढील फरकाची फेरमोजणी वेगळ्या व्यक्तीने करावी आणि दोन्ही पत्रके जपून ठेवावीत. पहिले पत्रक फाडून टाकणे हाच अनेकदा गैरव्यवहाराचा आरंभ असतो. त्यानंतर मोजणीच्या आधीचे शेवटचे आवक आणि जावक कागद क्रमांकांसह नोंदवावेत, म्हणजे सायंकाळी आलेल्या पाच डब्यांसारखा प्रश्न लगेच सुटतो.

खराब मालाच्या बाबतीत छायाचित्र, गटक्रमांक, प्रत्यक्ष नग आणि विल्हेवाटीचा पुरावा आवश्यक असतो. पेटीतील बारापैकी तीन पाकिटे गळत असताना संपूर्ण पेटी निर्लेखित करणे आणि उरलेली नऊ पाकिटे मागील दाराने विकणे, हा जुना प्रकार आहे. त्यामुळे नगवार मोजणी व्हावी आणि माल नष्ट करताना ताबेदाराखेरीज आणखी एक साक्षीदार असावा. माल भंगारात किंवा कमी दराने विकला असेल, तर त्याची पावती त्याच प्रकरणाला जोडावी. वाहतुकीतील तुटीस वाहतूकदाराच्या पोचपावतीवरील शेरा आणि त्याच्याकडे केलेली मागणी जोडलेली असावी; चोरीस पोलिसांकडील तक्रार आणि विम्याचा दावा जोडलेला असावा. वसुलीचा प्रयत्न झाल्याचा कागद नसेल, तर निर्लेखनाची घाई कशासाठी, हा प्रश्न मंजुरी देणाऱ्याने विचारलाच पाहिजे.

व्यवहार थांबू नये म्हणून हिशेबातील नग मोजणीनंतर लगेच खरे करावे लागतात. अन्यथा नसलेल्या मालाची विक्री होते. परंतु त्यांची रक्कम मंजुरी मिळेपर्यंत खर्चात न टाकता ‘तपासाधीन तूट’ अशा स्वतंत्र खात्यात ठेवावी. या खात्यालाही मुदत हवी. पंधरा दिवसांत निकाल न लागलेल्या रकमांची यादी वरच्या अधिकाऱ्यापुढे गेली नाही, तर नुकसान झाकण्याची जागा फक्त बदलते.

अमेरिकेतील ‘फार-मोर’ या औषध दुकानांच्या साखळीत नेमके असेच घडले. 1992 मध्ये उघडकीस आलेल्या या गैरव्यवहारात नुकसानीच्या रकमा वर्षभर काही खास खात्यांत साठवल्या जात आणि वर्षाअखेरीस त्या वेगवेगळ्या दुकानांच्या साठ्याच्या खात्यांवर वाटून टाकल्या जात. परिणामी नुकसानीचे रूपांतर कागदावरील मालात होई. लेखापरीक्षक मोजक्याच दुकानांच्या मोजणीस उपस्थित राहत आणि ती दुकाने कोणती हे कंपनीला आधीच ठाऊक असे. त्यामुळे फुगवलेला साठा त्या दुकानांत दाखवलाच जात नसे.

सरकारी भांडारांची पद्धत

केंद्र सरकारच्या कार्यालयांसाठी ही व्यवस्था सर्वसाधारण वित्तीय नियम, 2017 मध्ये सविस्तर घालून दिलेली आहे. नियम 213 नुसार भांडारातील मालाची वर्षातून किमान एकदा प्रत्यक्ष पडताळणी करावी लागते. ती ताबेदार अधिकाऱ्याच्या उपस्थितीत व्हावी आणि तिचे प्रमाणपत्र साठा नोंदवहीत नोंदवावे, असा दंडक आहे. पडताळणीत तूट, नुकसान किंवा निरुपयोगी माल आढळल्यास ती बाब तत्काळ सक्षम प्राधिकाऱ्याच्या निदर्शनास आणावी लागते.

नियम 33 या व्यवस्थेचा कणा मानता येईल. शासकीय मालमत्तेच्या नुकसानीची माहिती वरिष्ठांबरोबरच वैधानिक लेखापरीक्षा अधिकारी आणि प्रधान लेखा अधिकारी यांनाही द्यावी लागते. जबाबदार व्यक्तीने रक्कम भरून दिली असली, तरी ही माहिती देणे टळत नाही. यातील तर्क सूक्ष्म आहे. पैसे परत आल्याने नुकसान भरून निघते. ज्या फटीतून ते झाले ती फट मात्र तशीच राहते. 10,000 रुपयांपर्यंतच्या किरकोळ नुकसानीस या माहितीतून सूट आहे. अहवाल दोन टप्प्यांत द्यायचा असतो : संशय येताच प्राथमिक आणि चौकशीनंतर अंतिम. अंतिम अहवालात नुकसानीचे स्वरूप व व्याप्ती, ज्या चुकीमुळे किंवा नियमभंगामुळे ते घडले ती बाब आणि वसुलीची शक्यता नमूद करावी लागते. प्राथमिक अहवालाचा टप्पा वेगळा ठेवल्यामुळे कारण पूर्ण सापडेपर्यंत प्रकरण दाबून ठेवण्याची सबब उरत नाही.

निर्लेखनाचे अधिकार वित्तीय अधिकार प्रत्यायोजनाच्या नियमांनी ठरतात. 1978 च्या नियमांत या अधिकारांना रकमेबरोबरच दोन अटी जोडल्या होत्या. नुकसानीतून नियमांतील किंवा कार्यपद्धतीतील असा दोष दिसून येऊ नये, ज्याच्या दुरुस्तीस वरिष्ठांचे आदेश लागतील. आणि ज्यावर वरिष्ठांनी शिस्तभंगाची कारवाई करावी अशी गंभीर निष्काळजी कोणा कर्मचाऱ्याकडून झालेली नसावी. म्हणजे रक्कम मर्यादेत असली तरी कारण गंभीर असेल, तर अधिकार आपोआप वर सरकतो. खासगी संस्थांच्या नियमावलीत बहुधा अभाव असतो तो या दुसऱ्या मापाचा.

ग्रंथालयांसाठीची तरतूदही याच धाटणीची आहे. वर्षभरात वाचकांना दिलेल्या किंवा त्यांनी चाळलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच ग्रंथांची हानी वाजवी मानली जाते, परंतु ती अप्रामाणिकपणामुळे किंवा निष्काळजीमुळे झालेली नसावी. 1,000 रुपयांहून अधिक किमतीचा ग्रंथ आणि कोणत्याही किमतीचा दुर्मीळ ग्रंथ हरवल्यास चौकशी अनिवार्य आहे. वाजवी हानीचे प्रमाण हा हक्क नसून केवळ अंदाज आहे, हे येथे स्पष्ट होते. ज्या गोदामात दरवर्षी तूट नेमकी मान्य प्रमाणाइतकीच भरते, तेथे मालाची नव्हे, तर प्रमाणाची मोजणी होत असल्याचा संशय घ्यावा.

धान्याच्या साठवणुकीत हा संशय उलट्या दिशेनेही घ्यावा लागतो. उत्तर भारतात एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात खरेदी झालेला गहू पावसाळ्यात हवेतील ओलावा शोषतो आणि त्याचे वजन वाढते. अशा गोदामात वाढावा अपेक्षित असतो. हिशेब आणि माल तंतोतंत जुळले, तर वरवर सर्व ठीक दिसते. प्रत्यक्षात वाढलेल्या वजनाइतका गहू बाहेर गेलेला असू शकतो. तांदळाचे वजन मात्र साठवणीत वाळल्याने घटते. त्यामुळे प्रत्येक मालाचा स्वभाव जाणल्याशिवाय ‘फरक नाही’ या उत्तरावरही समाधान मानता येत नाही.

कंपन्या आणि कर

खासगी क्षेत्रात मंजुरीच्या मर्यादा संस्थेने स्वतः ठरवायच्या असल्या, तरी कायद्याचे काही धागे साठ्याच्या दुरुस्तीशी येऊन मिळतात. वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम 17(5)(ज) नुसार हरवलेल्या, चोरीस गेलेल्या, नष्ट झालेल्या किंवा निर्लेखित केलेल्या मालावर खरेदीच्या वेळी भरलेल्या कराची वजावट मिळत नाही; घेतली असल्यास ती परत करावी लागते. उदाहरणातील 30,300 रुपयांच्या मालावर 5 टक्के दराने घेतलेली 1,515 रुपयांची वजावट त्यामुळे सोडावी लागेल. निर्लेखनाच्या खात्यातील रक्कम आणि परत केलेली वजावट यांची सांगड घालून पाहिली, की नुकसानीचा काही भाग दुरुस्तीच्या नावाखाली गेला आहे काय, हे कळण्यास मदत होते.

2020 च्या कंपनी लेखापरीक्षक अहवाल आदेशानुसार, तो लागू असलेल्या कंपन्यांच्या लेखापरीक्षकास साठ्याच्या पडताळणीची व्याप्ती आणि पद्धत योग्य होती काय, हे सांगावे लागते. तसेच मालाच्या प्रत्येक वर्गात एकूण 10 टक्के किंवा त्याहून अधिक तफावत आढळली काय आणि हिशेबात तिची योग्य दखल घेतली गेली काय, हेही नमूद करावे लागते. 1 एप्रिल 2023 पासून सुरू झालेल्या आर्थिक वर्षापासून कंपन्यांनी वापरायच्या लेखा प्रणालीत प्रत्येक बदलाची दिनांकासह नोंद ठेवणारी आणि बंद न करता येणारी सोय असणे बंधनकारक आहे. या बदल-नोंदीमुळे मंजुरीपूर्वी केलेली किंवा नंतर बदललेली रक्कम शोधता येते. मात्र गोदामाची स्वतंत्र प्रणाली असेल आणि तेथून केवळ महिन्याची बेरीज लेखा प्रणालीत येत असेल, तर खरा तपशील गोदामाच्या प्रणालीतच पाहावा लागतो.

कशावरून ओळखावे?

एकेक कागद तपासून लपवलेले नुकसान सहसा सापडत नाही, कारण एकेक कागद नीटच तयार केलेला असतो. सर्व नोंदी एकत्र मांडल्यावर मात्र काही खुणा दिसू लागतात. मर्यादेच्या किंचित खालच्या रकमांची गर्दी ही पहिली खूण. 25,000 रुपयांची मर्यादा असलेल्या ठिकाणी 23,000 ते 25,000 रुपयांच्या दरम्यान अनेक नोंदी आणि त्यापुढे जवळपास काहीच नाही, असे चित्र नैसर्गिक नसते. मर्यादा बदलून 15,000 रुपये केल्यावर ती गर्दीही खाली सरकली, तर शंका उरत नाही.

दुसरी खूण एकाच मालाच्या वर-खाली जाणाऱ्या नोंदींची आहे. महिनाअखेरीस वाढावा दाखवून पुढील आठवड्यात तेवढीच तूट दाखवली जात असेल, तर मोजणीच्या दिवसापुरता हिशेब जुळवला जात आहे. दोन गोदामांमध्ये ‘वाटेत असलेला माल’ आठवडेच्या आठवडे पोहोचत नसेल, तर तोही लपवण्याचाच प्रकार असू शकतो. तिसरी खूण व्यक्तीशी संबंधित असते : नोंद करणारा आणि मंजुरी देणारा यांची तीच जोडी सतत दिसणे, रजेवर असलेल्या अधिकाऱ्याच्या नावाने मंजुरी नोंदवली जाणे किंवा ताबेदार रजेवर गेला की तूट थांबणे.

या व्यवस्थेच्या आवाक्याबाहेरची काही फसवणूकही आहे. पुरवठादाराच्या गाडीतून 100 ऐवजी 95 डबे उतरवून 100 ची पोच दिली गेली, तर हिशेबात 100 डबे जमा होतात आणि पाच डब्यांची तूट नंतर मोजणीत दिसते. पण त्या वेळी चोरी दारातच झाली होती, हे सांगणारा कागद नसतो. विक्रीच्या बिलात योजनेचा मोफत माल दाखवून तो दुसरीकडे वळवला, तर साठ्यात फरकच पडत नाही. मोजणारा, ताबेदार आणि मंजुरी देणारा संगनमताने वागले, तर मर्यादांची सारी उतरंड निरुपयोगी ठरते. तेथे अचानक होणारी बाहेरची मोजणी हाच उपाय राहतो.

तरीही उदाहरणातील गोदामाकडे पाहिले, तर अज्ञात तूट उजेडात येण्यास नवी यंत्रणा किंवा मोठा खर्च लागला नाही. तिन्ही फरक वजाबाकीशिवाय मांडले गेले, प्रत्येकाची मूळ नोंद मागितली गेली आणि जिची मूळ नोंद मिळाली नाही ती रक्कम माल ताब्यात असलेल्याच्या सहीने मिटवू दिली गेली नाही. 21,300 रुपयांच्या एका ओळीत दडलेले आठ डबे आणि पाच पेट्या एवढ्यानेच पुन्हा हिशेबात आल्या. आता त्या कोठे गेल्या हे शोधता येईल. न सापडल्यास निर्लेखनही होईल. पण ते नुकसान म्हणून, त्याच्या खऱ्या रकमेने आणि ते मान्य करण्याचा अधिकार असलेल्या व्यक्तीच्या सहीने.